मदत हवी आहे: टाय-सेटने करंट −१ येतो, नोडने +१

गोदाकाठ_ईई
उद्या सबमिशन आहे, लवकर सांगा. तीन नोड, चार ब्रांच. ट्री २ आणि ४ ब्रांचचा घेतलाय. टाय-सेटवरून लूप इक्वेशन सोडवली तर लूप करंट ३ आणि −१ येतात. नोड मेथडने व्होल्टेज ८ आणि ५ येतात. दोन्ही जुळत नाहीत. कुठे चुकतंय?

पंचवटीकर
सर्किट कुठाय? रेझिस्टन्स किती, सोर्स कुठे आणि मुख्य म्हणजे बाण कुठल्या दिशेला? ब्रांच ३ चा बाण नोड २ कडून १ कडे काढला असशील तर −१ हेच बरोबर उत्तर आहे.

गोदाकाठ_ईई
सॉरी. ब्रांच १: ० कडून १ कडे, १४ व्होल्टचा सोर्स आणि सिरीजमध्ये २ ओहम. ब्रांच २: १ कडून ० कडे, ४ ओहम. ब्रांच ३: १ कडून २ कडे, ३ ओहम. ब्रांच ४: २ कडून ० कडे, ५ ओहम. मॅट्रिक्स अशी:

```
      b1  b2  b3  b4
L1     1   1   0   0
L3     0   1   1   1
```

सातपूर_वायंडिंग
तुझा ऑफ-डायगोनल +४ आला असणार. तो नेहमी मायनसच असतो. −४ कर आणि सोडव, दोन मिनिटांचं काम.

पंचवटीकर
उत्तर येईल, पण "नेहमी" हे चूक आहे. सगळे मेश करंट एकाच दिशेने फिरवले तरच ऑफ-डायगोनलला कायम मायनस मिळतो. टाय-सेटमध्ये लूपची दिशा लिंकच्या बाणावरून ठरते. ब्रांच ३ चा बाण उलटा असता तर तिची ओळ ०, १, १, −१ झाली असती, ऑफ-डायगोनल +४ आला असता, करंट −१ आला असता, आणि तिघंही बरोबर असते.

गोदाकाठ, तुझी चूक फक्त ब्रांच २ च्या चिन्हात आहे. लिंक ३ वरून १ कडून २ कडे जा, ब्रांच ४ ने ० वर उतर. आता परत १ वर यायचंय, म्हणजे ब्रांच २ मधून बाणाच्या विरुद्ध चढायचंय. म्हणून तिथे −१. मग:

```
 6·i1 −  4·i3 = 14
−4·i1 + 12·i3 = 0
i1 = 3,  i3 = 1
```

ब्रांच २ मध्ये ३ − १ = २ अँपिअर, नोड १ वर ८ व्होल्ट. नोडशी जुळलं.

सबमिशनला देण्याआधी कट-सेट मॅट्रिक्सही लिही. ट्विग २ तोडली की नोड १ एकटा पडतो, ट्विग ४ तोडली की नोड २:

```
      b1  b2  b3  b4
C2    −1   1   1   0
C4     0   0  −1   1
```

टाय-सेटच्या प्रत्येक ओळीचा कट-सेटच्या प्रत्येक ओळीशी गुणाकार करून बेरीज घे, शून्यच यायला हवी. तुझ्या जुन्या L3 ची C2 शी बेरीज २ येते. इक्वेशन सोडवायच्या आधीच चूक सापडली असती.

सातपूर_वायंडिंग
एवढं कोण करतं? नोड १ वर केसीएल लावला तरी कळतं. आत ३, बाहेर २ आणि −१. जमत नाही, संपलं.

पंचवटीकर
बरोबर, पण तो उत्तर आल्यावर कळतो. सहा-सात ब्रांचच्या गणितात तोवर अर्धं पान वाया गेलेलं असतं.

नाशिकरोड_लोकल
माझ्या सर्किटमध्ये ब्रांच ४ मध्ये ब्रांच २ च्या करंटवर चालणारा व्होल्टेज सोर्स आहे. लूप मॅट्रिक्स सिमेट्रिक येत नाही. माझंही चिन्ह चुकलंय का?

पंचवटीकर
नाही, तिथे सिमेट्रीची अपेक्षाच धरू नकोस. तो सोर्स ब्रांच इम्पिडन्स मॅट्रिक्समध्ये चौथ्या ओळीत, दुसऱ्या कॉलममध्ये जातो. टाय-सेट मॅट्रिक्स तशीच राहते.

गोदाकाठ_ईई
चिन्ह सापडलं! पुढच्या गणितात सर्किट हेच, पण २ ओहम नाहीत, नुसता १४ व्होल्ट. आता नोडला १ भागिले शून्य येतंय.

सातपूर_वायंडिंग
०.००१ ओहम टाक आणि सोडव.

पंचवटीकर
कॉम्प्युटरवर चालेल, हाताने हजाराचे आकडे घेऊन बसायची गरज नाही. ट्री बदल, १ आणि ४ घे. सोर्स ट्विग झाला की तिचं व्होल्टेज आधीच माहीत असतं, तिचं कट-सेट इक्वेशन सोडून द्यायचं. उरतं फक्त नोड २ चं, तिथे ८.७५ व्होल्ट येतील. लूप मेथडला मात्र काही अडत नाही, ब्रांच १ चा इम्पिडन्स शून्य ठेवायचा.

सातपूर_वायंडिंग
ट्री बदलला तर पहिल्या भागाच्या मॅट्रिक्स पुन्हा लिहाव्या लागतील. सोर्स नोडमधून पलीकडच्या दोन्ही ब्रांचमध्ये सरकवला तर नाही लागणार.

पंचवटीकर
सरकवल्यावर नोड १ आणि ० एकच होतात आणि ग्राफच बदलतो. मॅट्रिक्स तेव्हाही नव्याच लिहायच्या.

गोदाकाठ_ईई
प्रश्नात "त्याच ट्रीवरून" असं लिहिलंय. मग?