अनुभव धागा : इटालियनमध्ये पहिला मेसेज काय टाकलात?

बोलोन्याकरीण : डेटिंग ॲपवर इथल्यांशी बोलताना पहिलं वाक्य काय लिहिलंत आणि पुढे काय झालं, ते सांगा. फसलेलं आधी. मी एकाला लिहिलं, 'सोनो एच्चिताता दी कोनोशेर्ती'. म्हणायचं होतं, ओळख होतेय म्हणून उत्सुक आहे. पण एच्चिताता ऐकलं की इथल्या माणसाच्या डोक्यात आधी अंथरूणच येतं. पठ्ठ्याने थेट घरचा पत्ता पाठवला! आता नुसतं 'पियाचेरे' लिहिते, म्हणजे भेटून आनंद झाला.

सदाशिव_पेठी : मी 'लेइ' वापरतो. अनोळखी बाईला आपण अहो-जाहोच करतो ना? उत्तरं मात्र येत नाहीत.

पोर्तिकोवाला : कशी येतील? ॲपवर 'लेइ' म्हणजे बँकेचं पत्र. इथे सगळे 'तू'च म्हणतात, उच्चारही आपलाच. आदर दाखवायचा तो मोकळीक देऊन.

माझं सांगतो. एकीचा फोटो बोलोन्याच्या टेकडीवरच्या सान लूका चर्चकडे जाणाऱ्या कमानींखालचा होता. आधी 'चाओ बेल्ला' टाईप केलं आणि खोडलं. रस्त्यात मागून मारलेल्या हाकेसारखं वाटतं ते. मग लिहिलं : 'चाओ! क्वेल्ला फोतो ए आ सान लूका? इयो मी सोनो फेर्मातो आ मेता.' फोटो सान लूकाचा का, मी तर अर्ध्यात बसलो. कमानी 666 आहेत, चढ शेवटी शेवटी दम काढतो, त्यामुळे ही कबुली तिला पटली. तिने विचारलं, कुठल्या वळणावर बसलास? गप्पा सुरू.

कॉफीचं तीन दिवसांनी काढलं : 'से ती वा, उन काफ्फे?' 'से ती वा' म्हणजे आपलं 'वाटलं तर'. 'वोल्यो वेदेर्ती' म्हणजे 'मला तुला भेटायचंय'. ते इतक्या लवकर अंगावर येतं.

नागपूरची_मावशी : मिलानमध्ये भाच्यासाठी मराठी मुलगी बघतोय. कोणाच्या ओळखीत आहे का?

बोलोन्याकरीण : मावशी, तो वेगळा धागा!

मिलान_मेट्रो : मला 'से ती वा' पहिल्याच मेसेजला आवडतं. मीच एकाला लिहिलं, 'से ती वा, राक्कोन्तामी देल काने', वाटलं तर कुत्र्याबद्दल सांग. नाही म्हणायची वाट आधीच उघडी. पोर्तिकोवाल्याला वाटतं ते कॉफीसाठी राखावं, मला नाही पटत.

पोर्तिकोवाला : प्रत्येक ओळीत टाकलं तर बिचकल्यासारखं दिसतं, एवढंच.

सदाशिव_पेठी : आणि पन्नाशीच्या बाईंना? त्यांनाही 'तू'?

मिलान_मेट्रो : ॲपवर असतील तर मी 'तू'च लिहीन. त्यांनी 'लेइ' केलं, तर आपणही 'लेइ'.

सदाशिव_पेठी : बरं. कुत्रा कोणत्या जातीचा होता?