मदत हवी आहे: मुलगा-मुलगी बोलत नाहीत, दोघांना मेसेज कसा लिहू?

फुलोरा_खामला
नमस्कार. आज पोळा झाला, आठ दिवसांवर महालक्ष्म्या आल्या आणि माझी दोन्ही लेकरं सव्वा वर्षापासून एकमेकांशी बोलून नाही राह्यली. मुलगा ३८ चा, मुलगी ३४ ची. मला दोघांना मेसेज टाकायचाय की दोघंही अर्धी अर्धी पावलं पुढे या. तीनदा लिहिला, तीनदा पुसला. हा बघा:
"तुमच्या दोघांच्या भांडणात माझा जीव जातोय. तू मोठा आहेस, तू समजून घे. तू बहीण आहेस, तू पडती बाजू घे. चूक दोघांचीही आहे. महालक्ष्म्यांना एकत्र दिसला नाहीत तर मी हा सण कायमचा बंद करीन. माझा बीपी वाढलाय."
यात काय बदलू? लवकर सांगा प्लीज.

संत्रानगरी
काकू भांडण कशावरून झालं ते सांगितलंच नाही. दोघं राहतात कुठे?

वर्धा_रोड
फॅमिली ग्रुपवर टाका बिनधास्त. मावश्या, काका सगळे वाचतील तर दोघांना लाज वाटेल. आमच्याकडे असंच मिटलं होतं.

खरं_सांगतो
मिटलं की गप्प बसले? माझ्या आत्यानं ग्रुपवर लिहिलं तर भाऊ ग्रुपमधूनच निघून गेला, आता बारशाचं आमंत्रणही त्याला वेगळं पाठवावं लागतं.

फुलोरा_खामला
ग्रुप नको. मुलगा इथेच नागपुरात वरच्या मजल्यावर, मी खाली. मुलगी अमरावतीला. भांडण ह्यांच्या तेरवीला झालं, हक्कसोड पत्राच्या सहीवरून. घर ह्यांच्या नावावर होतं. मुलीने सही केली नाही, तशीच उठून संध्याकाळच्या बसने गेली. मागच्या वर्षी ह्यांचं वर्ष होतं म्हणून महालक्ष्म्या केल्या नाहीत, आता तरी दोघं यावी.

वाडी_नाका
अर्ध्या रस्त्यात भेटायचं तर कारंजा घाडगे बरं पडेल, नागपूर-अमरावतीच्या जवळपास मधोमधच आहे. तिथे एखाद्या ढाब्यावर दोघं भेटतील. कोंढाळी नको, ते नागपूरकडे जवळ पडतं.

वकीलीतला_माणूस
मुलीने सही केल्याशिवाय घर कोणाच्याच नावावर होणार नाही, तेव्हा आधी तिला सहीसाठी तयार करा. मेसेजमध्ये तेच लिहा.

कोर्टाची_पायरी
असं नाही हो. मृत्युपत्र नसेल आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं असेल तर १९५६ च्या वारसा कायद्याने बायको, मुलगा, मुलगी तिघांचा सारखा हिस्सा. हक्कसोड न करताही तिघांची नावं आखीव पत्रिकेवर चढतात. आणि हक्कसोड पत्र करायचंच तर दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करावं लागतं, तेरवीच्या मांडवात नुसती सही घेऊन ते होतच नाही. पण काकूंनी हे विचारलंच नव्हतं.

जुनी_समुपदेशक
काकू, मी कौटुंबिक वादांत २२ वर्षं समुपदेशन केलंय. एक विचारते, राग मानू नका. तेरवीच्या दिवशी तो कागद आणायला कोणी सांगितलं होतं?

फुलोरा_खामला
(दोन तासांनी) मी. जाऊबाई म्हणाल्या होत्या की सगळे जमलेत तर आत्ताच उरकून घ्या, मग पोरगी कधी यायची. मी मुलाला म्हटलं आण. तो नको म्हणत होता. त्याने पाटाजवळ कागद ठेवला आणि मुलीला वाटलं त्याने ठरवून केलं. मी काही बोलले नाही. ती दुपारीच फोन करते, दादा ऑफिसात असतो तेव्हा.

जुनी_समुपदेशक
मग मेसेजची पहिली ओळ हीच. सव्वा वर्ष तो तुमचं काम आपल्या अंगावर घेऊन फिरतोय आणि ती चुकीच्या माणसावर रागावलीये. तुम्ही मुलासोबत एकाच घरात राहता, म्हणून "समजून घे" हे तिला त्याच्याच बाजूने वाटणार. तुमचं अर्धं आधी टाका, मग त्यांचं मागा.
दोन वेगळे मेसेज करा पण मधला मजकूर अक्षर न् अक्षर सारखा. भावंडं एकमेकांशी बोलत नसली तरी मेसेज कुठून तरी पोहोचतोच, आणि एका शब्दाचा फरक दिसला की तुम्ही दोन तोंडांनी बोललात असं होतं. "तो तुझी आठवण काढतो" असं त्याने म्हटलेलं नसेल तर लिहू नका. बीपी आणि सण बंद, दोन्ही काढा. त्याने माणूस येतो खरा, पण आईसाठी येतो, एकमेकांसाठी येत नाही, आणि पंगत उठली की परत तेच. "चूक दोघांची" पण काढा, ते वाचताना प्रत्येकजण स्वतःचा हिशोब काढतो.
प्रत्येकाकडून एकच गोष्ट मागा, जी त्याच्या एकट्याच्या हातात आहे. दुसरा काय करेल त्यावर ती अवलंबून नको. घराचा विषय त्या दिवशी नाही हेही लिहा.

वर्धा_रोड
एवढं मोठं कोण वाचतं? व्हॉइस नोट पाठवा, आईचा आवाज ऐकला की माणूस विरघळतो.

जुनी_समुपदेशक
आवाजात रडू येतं आणि मग त्यांना फक्त रडूच ऐकू येतं. टाइप केलेलं ते चार दिवसांनी परत वाचतील.

खरं_सांगतो
मला एक खटकतं. मुलीला त्या दिवशी काय काय ऐकावं लागलं ते आपल्याला माहीत नाही. माझी बायको तीन वर्षं माहेरी गेली नाही आणि तिचं बरोबर होतं. तिला "नाही" म्हणायची जागा ठेवा.

फुलोरा_खामला
ठेवली. हा बघा, दोघांना हाच पाठवते, मधली एकेक ओळ आहे ती दोघांनाही दिसेल:
"तेरवीच्या दिवशी कागद आणायला मी सांगितलं होतं. दादा नको म्हणत होता. तुला आधी विचारलं नाही ही माझी चूक, आणि त्याच्यावर आळ येत असताना मी गप्प बसले ही त्याहून मोठी. महालक्ष्म्यांना फुलोरा बांधायचा आहे. दादाकडे मागते की त्या दिवशी घराचं नाव काढायचं नाही आणि ती आली की दार त्याने उघडायचं. ताईकडे मागते की एक दुपार यायचं, राहायलाच पाहिजे असं नाही. दुसऱ्याने काय करायचं ते मी दोघांनाही सांगितलंय, कोण हो म्हणालं ते सांगणार नाही. जमलं नाही तरी मी रागावणार नाही. घराचं नंतर, तिघांनी वकिलासमोर बसून."
पूर्वी तो स्टूल धरायचा आणि ती करंज्या-पापड्या दोऱ्याने चौकटीला बांधायची, म्हणून फुलोरा लिहिला.

संत्रानगरी
काकू "आळ" शब्द राहू द्या, मला वाचूनच भरून आलं. मुलीच्या मेसेजमध्ये "तुला", मुलाच्यात "ताईला" करायला विसरू नका.

जुनी_समुपदेशक
तेवढा बदल चालेल. बाकी हात लावू नका. दोघांना एकाच वेळी पाठवा, दिवसा.

फुलोरा_खामला
दुपारी चारला पाठवला. मुलगा खाली आला, फ्रिजजवळ उभा राहिला, म्हणाला तू हे लिहायला नको होतं, आणि वर गेला. मुलीचं आत्ता रात्री आलं: "हे मला आज कळतंय. दादाला माहीत आहे का की मला माहीत नव्हतं?" मी दादाला विचारून सांगू का?

जुनी_समुपदेशक
नको. मधे उभ्या राहिलात की परत सगळं तुमच्यातूनच जाईल. तिला लिहा, हे तूच त्याला विचार.

फुलोरा_खामला
लिहिलं. निळं झालं.

वाडी_नाका
कारंजा घाडग्याचा विचार पण करून ठेवा काकू, ती घरी नाही आली तर.