मदत हवी आहे: मुदत चुकल्यावर क्लायंटला माफीचा मेल

आमच्या टीमने क्लायंटच्या वेबसाइटचं पेमेंट पेज शुक्रवारी द्यायचं होतं, ते झालं नाही. सहकाऱ्याच्या मसुद्यात ‘क्षमस्व’ चार वेळा आलंय, नवी तारीख मात्र कुठेच नाही. क्लायंटला तर पुढचं नियोजन त्या तारखेवरच करायचंय. म्हणून मी तो असा बदललाय:

“पेमेंट पेज शुक्रवारी देण्याचं आम्ही कबूल केलं होतं, ते पाळलं नाही. त्यामुळे तुमची सोमवारची चाचणी अडली, याबद्दल माफी मागतो. टेस्टिंगला लागणारा वेळ आम्ही कमी धरला होता. पेज बुधवारी दुपारी चारपर्यंत मिळेल. तोवर रोज संध्याकाळी काम कुठवर आलं ते कळवू.”

डेव्हलपर मंगळवार म्हणतोय, पण मी एक दिवस राखून ठेवलाय. दुसऱ्यांदा तारीख हुकली तर या माफीवर कोण विश्वास ठेवेल?

अडलंय ते टेस्टिंगच्या वाक्यापाशी. ते सबब वाटतं का? काढलं तर नेमकं काय चुकलं हे क्लायंटला कळणारच नाही. त्यांच्याकडून मजकूरही उशिरा आला होता, पण तो विषय मी मेलमध्ये आणणार नाही. पुढच्या बैठकीत बोलेन. असे मेल नेहमी लिहिणाऱ्यांनी कृपया सांगा, ते वाक्य ठेवू का? मेल आजच जायला हवा.