फसल्यावर स्वतःलाच जोकर ठरवणे योग्य आहे का?

सायली_क: चुकीच्या माणसावर विश्वास ठेवून फसगत झाली की माझ्या मैत्रिणी स्टेटसला जोकरचा इमोजी 🤡 किंवा तोंड रंगवत जाणाऱ्या जोकराची ती चार चित्रे टाकतात. केसाने गळा दुसऱ्याने कापायचा आणि हसे मात्र स्वतःचे करून घ्यायचे, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटते?

मधुरा_वि: मला ते पूर्णपणे योग्य वाटते. नाते मोडले की 'आम्ही तुला आधीच सांगितले होते' असे म्हणायला लोक टपलेलेच असतात. आपणच आधी जोकर टाकला की त्यांना बोलायला जागा उरत नाही. शिवाय त्या माणसाचे नाव न घेता, भांडण न उकरता आपल्यावर काय बेतले ते जवळच्यांना कळते. ज्या मुलीला रडून सांगता येत नाही, तिच्यासाठी ही सोय लहान नाही.

केदार७: सायलीताईंचे बरोबर आहे. स्वतःवर हसणे मनाला घातक असते, हे मानसशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे.

तळटीप: केदार, हे अर्धेच खरे आहे. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या, त्यांतल्या दोन इथे कामाच्या आहेत. संकटातही गंमत शोधून स्वतःला सावरणे ही एक, आणि इतरांनी आपल्याला जवळ करावे म्हणून स्वतःलाच खाली पाडणे ही दुसरी. खिन्नतेशी आणि कमी आत्मसन्मानाशी संबंध आढळतो तो दुसरीचा. जोकर यांपैकी कुठल्या शैलीत बसतो, हे तो कसा वापरला जातो यावर ठरते.

म्हणूनच मी इमोजी आणि ती चार चित्रे यांना एका मापाने मोजणार नाही. इमोजी एकटा टाकला तर 'मी फसले' एवढेच सांगतो आणि पुढचे मोघम ठेवतो. चार चित्रे मात्र क्रम सांगतात: आधी पांढरा थर, मग रंग, मग रंगीबेरंगी केसांचा टोप आणि शेवटी पुरा जोकर. शेजारी लिहिलेले असते, 'कामात असेल, म्हणून उत्तर आले नाही', 'मागे खोटे बोलला, पण या वेळी शपथ घेतली आहे', 'मैत्रिणी सावध करतात, पण त्या त्याला ओळखत नाहीत', आणि अखेर 'त्याचे दुसरीकडे जमले होते'. प्रत्येक चौकटीत रंग लावणारा हात तिचाच आहे आणि ज्याने शपथ घेऊन खोटे सांगितले तो चित्रात कुठेच नाही.

दुसरे असे की ही वाक्ये शेवट कळल्यानंतर निवडलेली असतात. फिशहॉफ आणि बेथ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज घेतले होते. दौरे झाल्यावर तेच अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा जे घडले ते आपल्याला आधीपासूनच जास्त शक्य वाटत होते, असे लोकांना आठवू लागले. चार चित्रांत हेच होते. ज्या शंभर वेळा त्याने खरोखर वेळेवर उत्तर दिले, त्यांना चौकट मिळत नाही, आणि म्हणून तेव्हाचा विश्वास होता त्याहून मूर्खपणाचा दिसू लागतो.

वासंती_मावशी: माझ्या भाच्याला ऑनलाइन ओळख झालेल्या एकाने गुंतवणुकीच्या नावाखाली गंडवले. त्याने मित्रांच्या ग्रुपवर जोकर टाकला, सगळे हसले, तोही हसला, आणि तक्रार करायची राहून गेली. अशा वेळी कुठे जावे?

तळटीप: मावशी, हा प्रश्न वेगळा असला तरी त्याचा इथे संबंध आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे लागते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. उशीर झाला असला तरी त्याने आता तक्रार नोंदवावी. गुन्हा झाला आहे हे त्या हसण्याखाली कोणाच्या लक्षातच आले नाही.

मधुरा_वि: आर्थिक फसवणुकीबाबत मला हे मान्य आहे, पण प्रेमात फसलेल्या मुलीने कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? तिच्याजवळ तक्रारीची जागा नाही, चारचौघांत नाव घेतले तर बदनामी तिचीच होते. तुम्ही म्हणता तो माणूस चित्रात नाही, कारण त्याला चित्रात आणण्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

सायली_क: मधुराताई, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही नाव न घेता 'त्याने शपथ घेऊन खोटे सांगितले' एवढे वाक्य एका चौकटीत लिहिता येईलच ना?

मधुरा_वि: लिहिता येईल, पण मग ते वाचून कोणी हसणार नाही, आणि तिला त्या क्षणी लोकांनी हसावे हेच हवे असते. ते चुकीचे आहे असे मी अजूनही म्हणणार नाही.