मदत हवी आहे: शीर्षकपानावरून माझं नाव गळलं, पत्रात काय मागू?
नमस्कार. मी दादरला राहते, अनुवाद करते. माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत शीर्षकपानावर फक्त मूळ लेखकाचं नाव आहे. माझं नाव मागच्या पानावर, आयएसबीएनखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत! करारात ‘शीर्षकपानावर अनुवादकाचं नाव’ असं स्पष्ट लिहिलंय. प्रकाशक फोनवर म्हणाले, “मॅडम, हक्क तुम्ही आम्हाला दिलेत ना?” दिलेत. पण कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५७नुसार हक्क दिले तरी कृती आपली असल्याचं सांगायचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, आणि अनुवादाचा कर्ता अनुवादक.

पत्राला करारातलं ते कलम आणि दोन्ही शीर्षकपानांचे फोटो जोडलेत. ई-बुक लगेच सुधारा, पुढच्या छपाईत नाव घाला, एवढं मागितलंय. गोदामातल्या प्रतींचं काय? पान कापून नवं चिकटवायला सांगू, की स्टिकरवर भागवू? असं कुणी करून घेतलंय का?