मदत हवी आहे: आरएफपीतल्या प्रश्नांची रिस्पॉन्स मॅट्रिक्स नेमकी कशी पाडायची? (मुदत २४ जुलै)

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटी भागात आमची छोटी संस्था झऱ्यांच्या पाण्यावर काम करते. एका फाउंडेशनची आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवणारं पत्रक, आली आहे. पीडीएफ ४३ पानांची, प्रश्न ३१, शंका विचारायची मुदत ६ जुलै आणि प्रस्ताव २४ जुलैला संध्याकाळी ५ पर्यंत. मागच्या खेपेला आम्ही चौघांनी प्रकरणं वाटून घेतली आणि शेवटच्या रात्री कळलं की एका प्रश्नाचा निम्मा भाग कुणीच लिहिलेला नाही. म्हणून या वेळी रिस्पॉन्स मॅट्रिक्सची शीट केली: ३१ ओळी, समोर नाव, शब्दमर्यादा, तारीख.

अडलंय ते इथं. प्रश्न ४.३ असा आहे: "यापूर्वी केलेली अशी कामे सांगा, त्यातून झालेला बदल आकड्यांसह दाखवा आणि काम संपल्यावर गावाने देखभाल कशी केली ते लिहा. मर्यादा ५०० शब्द." ही एक ओळ की तीन? तीन केल्या तर ५०० कसे वाटायचे? आणि ओनर कोण?

फौंड्रीवाला_उद्यमबाग:
साहेब, टेंडरला एवढं कशाला करायचं? आम्ही दोन वर्षं पोर्टलवर टेंडर भरतोय. ईएमडी, जीएसटी, टर्नओव्हरचं सर्टिफिकेट, चेकलिस्ट लावली की झालं की ओ. आमचं एकदा डिजिटल सिग्नेचर संपलेलं आणि आम्हाला पत्ताच नव्हता, सगळं भरून बटण दाबलं तर जाईना. त्यावर लक्ष ठेवा, शब्द कोण मोजतंय?

मलप्रभाकाठ:
दादा, हे सरकारी टेंडर नाही, लेखी उत्तरांवर गुण देणार आहेत. ५०० च्या पुढचं वाचणार नाही असं स्पष्ट लिहिलंय.

निपाणीची_सुमा:
तीन ओळी करा, ५०० भागिले ३, म्हणजे प्रत्येकी १६६. आणि एका ओळीला दोघांची नावं घाला, एक रजेवर गेला तर दुसरा बघेल. आमच्याकडं असंच करतात.

प्रस्ताव_टेबल:
सुमाताई, तीन ओळींचं बरोबर आहे, पण बाकीचं निम्मंच. मी बारा वर्षं प्रस्ताव लिहिण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन नावं असली की दोघांनाही वाटतं दुसरा लिहितोय. मागच्या वेळी तुमचं जे झालं ते बहुधा यानंच. ओनर एकच. त्याला माहिती पुरवणाऱ्यांची नावं वेगळ्या रकान्यात. आणि ओनर म्हणजे लिहिणाराच असं नाही. तारखेला उत्तर तयार नसेल तर ज्याला फोन जाईल तो.

आता ४.३. प्रश्नाचा मूळ क्रमांक हलवू नका, ४.३ अ, ब, क असं पाडा आणि पीडीएफमधलं वाक्य जसंच्या तसं चिकटवा, आपल्या शब्दांत नको. आपल्या शब्दांत उतरवताना "आकड्यांसह" हा शब्दच गळतो. समान वाटप मात्र करू नका. आरएफपीच्या शेवटी गुणांकनाचा तक्ता असेल, तो उघडा. ४.३ ला किती गुण आहेत?

मलप्रभाकाठ:
पान ३८ वर सापडला. पूर्वानुभव २० गुण: कामे ५, परिणाम ५, देखभाल १०. हे मी वाचलंच नव्हतं.

प्रस्ताव_टेबल:
मग तुमचे निम्मे शब्द देखभालीला. अ ला ११५, ब ला ११५, क ला २३०, आणि ४० हातात राखून ठेवा, कारण जोडताना वाक्यं फुगतात. बहुतेक संस्था पहिल्या भागात जुनी कामं सांगत बसतात, कारण ती तयार असतात. शीटमध्ये गुणांचा रकाना शब्दांच्या शेजारी ठेवा, म्हणजे ही चूक डोळ्यासमोर राहील.

दुसरं, ३१ हा आकडा खरा धरू नका. क्रमांक नसलेले प्रश्न "कामाची व्याप्ती" आणि "अटी" या भागांत लपलेले असतात. पीडीएफमध्ये हे शब्द एकेक करून शोधा आणि प्रत्येक जागी नवीन ओळ घाला, पान नंबरासह:

```
shall  must  should  describe  provide  attach
```

एका "provide" मागं एखादं प्रमाणपत्र निघतं आणि तेच नसलं तर प्रस्ताव उघडतही नाहीत. अशा बाद करणाऱ्या ओळी लाल करा. फौंड्रीवाले दादा म्हणतात ती चेकलिस्ट म्हणजे ह्याच लाल ओळी, तेवढं त्यांचं अगदी खरं. हे सगळं ६ तारखेच्या आत व्हायला हवं, कारण जे संदिग्ध निघेल ते त्यांना विचारता येतं. ७ तारखेला सापडलं तर अंदाजच.

मलप्रभाकाठ:
तारखा कशा मागं मोजायच्या? आमची फिल्डची मुलं कणकुंबीत. जुलैत तिथं लाइट जाते, रेंज जाते.

प्रस्ताव_टेबल:
मग त्यांची तारीख सगळ्यात आधी. उलटं मोजा. B1 मध्ये शेवटची तारीख, G मध्ये किती कामाचे दिवस आधी. तुमची शनिवारी ऑफिस चालू असतात, म्हणून फक्त रविवार सुट्टी:

```
=WORKDAY.INTL($B$1,-G2,11)
```

कणकुंबीहून येणाऱ्या आकड्यांच्या ओळीत G मध्ये १० घाला, १३ जुलै येईल. पहिला मसुदा ७, बाहेरच्या माणसाचं वाचन ३, अपलोड १. सगळ्यांना २४ दिली तर सगळेच २३ ला लिहायला बसतात.

निपाणीची_सुमा:
शब्द मोजायला मी स्पेस मोजणारा फॉर्म्युला वापरते, चालतो.

प्रस्ताव_टेबल:
सेलमध्ये परिच्छेद असला तर तो कमी मोजतो. ओळ मोडली की दोन शब्द चिकटून एकच धरले जातात. आधी ओळमोड काढा:

```
=IF(TRIM(F2)="",0,LEN(TRIM(SUBSTITUTE(F2,CHAR(10)," ")))-LEN(SUBSTITUTE(TRIM(SUBSTITUTE(F2,CHAR(10)," "))," ",""))+1)
```

आणि पोर्टलचा बॉक्स शब्द मोजतो की अक्षरं, ते आजच एखादा जुना मजकूर चिकटवून बघा. दोन्ही असतील तर मर्यादेचे दोन रकाने करा.

मलप्रभाकाठ (दोन दिवसांनी):
झाली शीट. ३१ च्या ५८ ओळी झाल्या. लाल ६. त्यातली एक पान १२ वर दडलेली: ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. ठराव कन्नडमध्ये आहेत, आरएफपी म्हणते सगळं इंग्रजीत. ओनर ठरला, पण भाषांतर आम्ही करून चालेल की नोटरी लागेल, हे शंकेत पाठवलं. दुसरी शंका, तक्त्यातले शब्द ५०० त धरणार का. पोर्टलचा बॉक्स अक्षरं मोजतो, तोही रकाना घातला. तीन ओळींना अजून ओनर नाही. तिन्ही हिशेबाच्या, आणि आमचे सीए फोन उचलेनात.

फौंड्रीवाला_उद्यमबाग:
भाषांतराचं आमचं एकदा स्वतः करून चाललेलं, एकदा परत पाठवलं. विचारलंत ते बरं केलंत. सीएला फोन नको, ऑफिसला जाऊनच बसा की.

प्रस्ताव_टेबल:
त्या तीन ओळींवर सध्या तुमचंच नाव टाका. आणि शंकांची उत्तरं आली की ती वेगळ्या कागदावर ठेवू नका. ज्या ओळीवर परिणाम होतो तिथंच तारखेसह लिहा, कारण त्या उत्तरांनी मूळ अट बदलू शकते. तक्त्याचं उत्तर येईपर्यंत तक्ता मर्यादेत धरूनच लिहा.

मलप्रभाकाठ:
ठीक. उत्तर आलं की इथंच टाकतो.