राऊटरच्या यादीवरून टॅब कुठल्या खोलीत आहे ते कळेल का?

रानपाखरू: टॅब घरातच कुठेतरी आहे, पण सायलेंटवर. राऊटरच्या यादीत दिसतोय: ५ गिगाहर्ट्झ, सिग्नल -७१, जोडणी ९ तास ४० मिनिटे. राऊटर हॉलमध्ये आहे. बेडरूम, स्वयंपाकघर की मागची खोली?

पडवी: आत्ता सकाळचे ८ वाजलेत, म्हणजे काल रात्री १०:२० पासून तो जागचा हललेला नाही. तेव्हा कोण कुठे होतं ते आठवा, झालं काम.

टिचकी: पडवी, निम्मंच बरोबर. १०:२० ला तो जोडला गेला, एवढंच कळतं. त्यानंतर घरभर फिरला तरी ते घड्याळ चालूच राहतं. उलट जागचा न हलता ५ वरून २.४ वर गेला, तर पुन्हा शून्यापासून.

रानपाखरू, नुसत्या -७१ वरून काही ठरत नाही. दुसरा फोन ५ वरच जोडून प्रत्येक खोलीत मिनिटभर ठेवा आणि राऊटरच्या यादीत त्याचा आकडा बघा. फोनमधलं वायफाय अ‍ॅप इथे चालणार नाही. राऊटर फोनला किती ऐकू येतो ते त्यात दिसतं, आपल्याला हवंय नेमकं उलटं. शिवाय झोपलेल्या टॅबचा आकडा शिळा असतो, आधी त्याला पिंग करून जागं करा. OpenWrt असेल तर:

```
ping -c 20 192.168.1.37
iw dev wlan0 station dump
```

यात टॅबच्या MAC खालचं `inactive time` (मिलिसेकंदांत असतं) जितकं कमी, तितका `signal` ताजा. आयपी आणि wlan0 तुमच्याकडचे घाला.

भुंगा: आमच्या यादीत एक अनोळखी नाव आहे. शेजारी वापरत असतील का?

टिचकी: घरातलाच फोन बदललेल्या MAC ने दिसत असेल. वेगळा धागा काढा ना.

रानपाखरू: फोन: बेडरूम -५८, स्वयंपाकघर -६९, मागची खोली -७३. पिंगनंतर टॅब -७० ते -७२.

पडवी: मग स्वयंपाकघर!

टिचकी: घाई नको. दोन-चारचा फरक टॅब नुसता आडवा पडला असला तरी येतो. बेडरूमही लगेच वगळू नका, लोखंडी कपाटात असेल तर सिग्नल सहज दहाने पडतो. आता राऊटरच उचलून एकेका खोलीत लावा. इंटरनेटची वायर नसली तरी यादी दिसते. टॅबला परत जोडायला काही मिनिटं लागतील. जोडणीची वेळ लहान दिसली की मगच आकडा घ्या.

रानपाखरू: राऊटर बेडरूममध्ये: -६६. स्वयंपाकघरात: -४८. मागच्या खोलीत: -५०.

टिचकी: बेडरूम गेली. उरलेल्या दोन खोल्यांची भिंत सामाईक आहे का? असेल तर तिच्या आसपासच आहे. अलीकडे की पलीकडे, ते या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

रानपाखरू: सामाईकच आहे. इकडे फ्रिज, तिकडे न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग. ढिगापासून सुरुवात करते.